गाठ न मारता

पुणे

प्रिय नलू,

तुझं पत्र आणि निळं कार्डिगन, दोन्ही मिळालं. पाठीवरचं भोक बघून आधी उलट बाजू वर केली. वाटलं होतं तेच! नवा गुंडा गाठ मारून जोडलास आणि टोकं गाठीला लागून कापलीस. गुळगुळीत दोरा धुण्यात सरकला, गाठ सुटली आणि तीन टाके खाली घसरले. सुटली नसती, तरी ती कधी ना कधी सुलट बाजूला डोकावलीच असती. विणकाम ताणलं की प्रत्येक टाका शेजारच्याला थोडा दोरा देतो. गाठ काही देत नाही, मग ती टाक्यांच्या फटीतून बाहेर येते.

तू लिहितेस की दोन्ही टोकं ओली करून तळहातांत चोळलीस, पण ती जुळली नाहीत. जुळणारच नाहीत गं. आपल्याकडे दुकानात विणायचा कुठलाही दोरा 'लोकर' म्हणूनच मिळतो, आणि तुझी निळी आहे ॲक्रिलिक. खऱ्या लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात. ॲक्रिलिकला खवलेच नाहीत. मशीनमध्ये धुता येणाऱ्या खऱ्या लोकरीचे खवले काढलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून तीही जुळत नाही. ओळखायचं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, ओट्यापाशी, जाळून बघ. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. पण मशीनची लोकरही केसांसारखीच जळते, तेव्हा शेवटी तुकडा चोळूनच बघावा.

भाच्याच्या टोपीला मी खरी, चार पदरी लोकर घेतली होती. तिथे मात्र चोळणं छान जमलं. दोन्ही टोकांचा सात-आठ सेंटिमीटर पीळ उलगडला आणि प्रत्येकाचे दोन पदर तोडून टाकले. कात्रीने नाही, हाताने ओढून, म्हणजे टोक निमुळतं होतं. उरलेले पदर समोरासमोर एकमेकांवर ठेवले, वाटीतल्या कोमट पाण्याने ओले केले (परदेशात म्हणे सर्रास थुंकी लावतात, मला नाही जमत) आणि तळहात गरम होईपर्यंत अर्धा मिनिट जोरात चोळले. मग हलकेच ओढून बघितलं. पदर न तोडता चोळलं असतं तर तिथे दोरा दुप्पट जाड होऊन सुलट बाजूला गाठोडं दिसलं असतं.

तुझ्या ॲक्रिलिकसाठी मी विणतानाच टोकं गुंफते. जुना दोरा वीतभर उरायच्या आत सुरुवात करायची. त्यासाठी अंदाज हवा: साध्या विणीत एक ओळ कापडाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट दोरा खाते. तुझी पाठ ४२ सेंटिमीटर, म्हणजे ओळीला सव्वा मीटर धर.

सुलट ओळीवर, बदलायच्या जागेच्या आठ टाके अलीकडे नवा दोरा कामाच्या मागे धर, टोक दहा-बारा सेंटिमीटर मोकळं ठेव. आता जुन्या दोऱ्यानेच विणत राहा. एका टाक्याला विणणारा दोरा नव्याच्या वरून ने, पुढच्याला खालून. असे आठ टाके झाले की नवा दोरा मागच्या बाजूला गुंफलेला दिसेल. मग जुना सोड, नव्याने विणायला घे आणि पुढचे आठ टाके तसेच जुन्याचं शेपूट वर-खाली गुंफत जा. म्हणजे दोन्ही टोकं आठ-आठ टाक्यांत अडकली आणि गाठ कुठेच नाही.

गुंफताना शेपूट ओढू नकोस, नाहीतर तिथे चुण्या पडतात. विणून झालं की कापड दोन्ही हातांनी आडवं ताण, टोकं आत सरकू देत, आणि मगच सेंटिमीटरभर ठेवून काप. तू तिथेच घाई करतेस. जाळीच्या नक्षीत मात्र हे नको, भोकांतून शेपूट दिसतं. तिथे मी बाजूच्या शिवणीपाशीच नवा गुंडा घेते आणि टोकं शिवणीत लपवते. पांढऱ्यामागे लाल गुंफलं तरी रंग झिरपून दिसतो, हेही लक्षात ठेव.

तुझे सुटलेले तीन टाके क्रोशाच्या सुईने वर चढवले. मग त्याच निळ्या दोऱ्याने सुईत ओवून, मूळ टाक्यांच्या वाटेने, टाक्यावर टाका घेत गेले. उजेडात धरलं तर एक टाका किंचित मोठा दिसेल, तो माझा. उरलेला निळा गुंडा ठेवून घेतलाय, कारण डाव्या बाहीवर आणखी एक गाठ हाताला लागली. ती सोडवली की कार्डिगन पाठवते. तोवर उजवी बाही तू स्वतः चाचपून कळव.

तुझी,
सुधा