खरजेच्या औषधासाठी आवाहन: एका रात्री, अख्ख्या टोळीला

ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या आपल्या गावाच्या शिवारात पडल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच मुलांना खरूज झाली आहे. रात्री खाज वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत आणि जांघेत बारीक पुरळ दिसतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून ५ टक्के परमेथ्रिन क्रीम लिहून दिलं आहे. सगळ्यांना पुरेल एवढं क्रीम जमवण्यासाठी ग्रामपंचायत आणि महिला मंडळ मिळून हे आवाहन करत आहोत.

सगळ्यांना म्हणजे ज्यांना खाज नाही त्यांनाही. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि तेवढ्या काळात तो माणूस शेजारी झोपणाऱ्याला खरूज देत राहतो. मागच्या हंगामात एका कोपीत फक्त खाजवणाऱ्या मुलीला औषध लावलं. ती बरी झाली, पण महिन्याभरात पुन्हा खाजवायला लागली, कारण एकाच गोधडीत झोपणारी आई आणि धाकटा भाऊ तसेच राहिले होते. म्हणून या वेळी सगळ्या कोप्यांत एकाच रात्री क्रीम लावायचं आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं ठरवलं आहे. पहिल्या वेळी एखादं अंडं वाचलं, तर त्यातून निघालेला किडा दुसऱ्या वेळी मरतो. टोळी दुसऱ्या फडावर जाण्याआधी दोन्ही रात्री पार पडायला हव्यात.

एका कोपीचा हिशोब मांडतो. नवरा, बायको आणि आजी, प्रत्येकी ३० ग्रॅमची एक ट्यूब. नऊ वर्षांच्या मुलाला साधारण अर्धी, चार वर्षांच्या मुलीला पाव. म्हणजे एका रात्रीला चार ट्यूब, दोन रात्रींना आठ. ट्यूब पुरवून पुरवून फक्त पुरळावर लावली, तर बाकीच्या अंगावरचे किडे जिवंतच राहतात.

क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, थंड आणि कोरड्या अंगावर पातळ चोळायचं. पाठ, नितंब, बोटांच्या बेचक्या, जननेंद्रियांचा भाग, पायाचे तळवे आणि नखांखालची जागा, यांतलं काहीच सुटता कामा नये. नखं आधी कापून घ्यायची. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याला व चेहऱ्यालाही लावायचं, पण डोळे आणि तोंड सोडून. आठ ते चौदा तास ते अंगावर राहायला हवं. संध्याकाळी सातला लावलं की पहाटे पाचला अंघोळ करून तोडीला जाता येतं, मजुरी बुडत नाही. अडचण हातांची आहे. भाकरी थापून, भांडी घासून हात धुतले की औषधही जातं, म्हणून हात धुतल्यावर दर वेळी पुन्हा लावायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना डॉक्टरांना विचारूनच लावायचं. फोडांत पू झाला असेल तर आधी आरोग्य केंद्रात न्यायचं.

त्या रात्री आम्हाला क्रीमइतकीच पांघरुणांची गरज आहे. अंगावरचे आणि वापरातले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवता येतात, पण जाड गोधडी तशी धुता येत नाही. ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवावी लागते. माणसाच्या अंगाशिवाय हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा टिकत नाही. पण कोपीत दुसरी गोधडी नसते, आणि थंडीत लेकरं उघडी झोपवता येत नाहीत. तेवढ्या रात्रींपुरत्या चादरी-ब्लँकेटं उसनी द्या. आम्ही ती गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून परत करू.

ट्यूब घेताना त्यावर ५ टक्के लिहिलंय ना आणि मुदत संपली नाही ना, हे पाहा. १ टक्क्याचं औषध उवांसाठी असतं. पटकन खाज थांबवणारी स्टेरॉइडची मलमं कृपया आणू नका. त्यांनी पुरळ दबतं, खरूज तशीच राहते आणि ओळखायलाही अवघड जाते.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून कुणी पुन्हा पुन्हा क्रीम लावू नये. नवीन पुरळ उठलं, किंवा चार आठवड्यांनंतरही खाज थांबली नाही, तर आशाताईंना सांगावं.

ट्यूब, पांघरुणं आणि मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या ग्रामपंचायत कार्यालयात नोंद करून द्या. बायकांच्या आणि मुलांच्या पाठीला क्रीम लावायला, पाणी तापवायला महिला मंडळाला मदतीचे हात हवेत. ज्यांना दोन्ही रात्री येणं शक्य आहे त्यांनीच नाव द्यावं. पुरेशा ट्यूब जमल्या की पहिली रात्र ठरवू आणि मुकादमांना आदल्या दिवशी कळवू.