आजीचं मशीन गेलं, आणि आई, ते तुझ्या हातून बिघडलं नव्हतं

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आजीचं शिवणाचं मशीन काल विकलं गेलं. फोनवर एवढंच सांगितलं, कारण बाकीचं बोलताना मला जमलं नसतं. आई, हे पत्र मुख्यतः तुझ्यासाठी आहे. बाबांनाही वाचून दाखव.

जाहिरात लिहायला बसले तेव्हा बाबांचं वाक्य डोक्यात होतं, की जुन्या सिंगरला लाखो रुपये मिळतात. बाबा, मी ते शोधून पाहिलं. 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली होती की जुन्या सिंगरच्या आत ‘लाल पारा’ असतो, आणि लोकांनी त्यापायी वाट्टेल ते पैसे मोजले. आत पारा-बिरा काही नसतो. आपलं मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं आहे, खालच्या पट्टीवरचा नंबर ‘E’ने सुरू होतो त्यावरून कळतं. पण तशी मशिनं जगभर खूप आहेत, दुर्मीळ नव्हेत. म्हणून शिवणाऱ्या माणसाला परवडेल अशी किंमत ठेवली, साडेचार हजार.

आणि जे माहीत होतं ते सगळं लिहिलं. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा हे मशीन नारायण पेठेत तळमजल्यावर पाण्यात होतं. आजीने ते सुटं करून रॉकेलमध्ये धुतलं. तरी पुराच्या पाण्यामुळे पत्र्याखाली गंजाचे बारीक खड्डे आहेत. फळीचा डावा पंख फुगला म्हणून प्लायवूडचा बसवलेला आहे. सोनेरी नक्षी उजव्या बाजूला पुसली आहे, आजीचा हात तिथूनच फिरायचा. चामड्याची वादी मी नवी घातली आहे. आणि शेवटी: ‘साध्या सुती कापडावर शिवतं, जाड कापडावर टीप सुटते. कारण आम्हाला माहीत नाही.’ खड्ड्यांचा आणि प्लायवूडचा फोटो सर्वांत वर टाकला. दादा म्हणाला, अशाने कोण घेणार? पण तू माझ्याजागी असतीस तर दुसरं काही लिहिलं नसतंस.

तीनच फोन आले. एक भंगारवाल्याचा. दुसरा कॅफे काढणाऱ्या एका बाईंचा, त्यांना फक्त खालचं लोखंडी स्टँड हवं होतं, टेबल करायला. त्या सात हजार देत होत्या. डोकं काढून टाका म्हणाल्या. मी नाही म्हटलं. पैसे जास्त होते हे खरं आहे, पण मी दिलेलं उत्तर तुम्हाला पटेल असं वाटतं.

तिसरा धायरीचा एक मुलगा, तेवीस-चोवीसचा. दिवसा एका बुटिकमध्ये पॉवर मशीनवर बसतो, संध्याकाळी घरी ब्लाऊज शिवतो. पॉवर मशीन इतकं जोरात पळतं, की पैठणीच्या काठावर थांबायचं तिथे दोन टिपा पुढे जातात, आणि सिल्कमधली उसवलेली टीप भोक ठेवते. पायाच्या मशीनवर चाक हाताने धरून एक-एक टीप टाकता येते. म्हणून त्याला हे हवं होतं.

तो पाऊण तास बसला. आधी वादी काढून चाक नुसतं हाताने फिरवलं, कुठे अडतंय का ते बघायला. सुईचा दांडा बोटांत धरून बाजूला हलतो का ते पाहिलं. मग वर लाल दोरा आणि बॉबिनमध्ये पांढरा घालून दोन पदरी मांजरपाटावर शिवलं. वरून पांढरा डोकावला तर वरचं टेन्शन जास्त, खालून लाल डोकावला तर कमी. दोन्हीकडे आपापलाच रंग दिसला. मग जीन्सचा तुकडा दुमडून घातला आणि चौथ्या-पाचव्या टिपेला सुटली, अगदी जाहिरातीत लिहिलं होतं तशी.

त्याने सुई काढली, दिव्याकडे धरली आणि विचारलं, “ताई, ही सुई कुणी आणली?”

घरच्या मशीनच्या सुईचं बूड एका बाजूने चपटं असतं. ती चपट्या बाजूला टेकून बसते, त्यामुळे फिरत नाही. आपल्या मशीनमधली सुई गोल बुडाची होती, पॉवर मशीनची. तिचं बूड बारीक असतं, म्हणून ती होल्डरमध्ये जाते आणि स्क्रू आवळला की धरतेही. पण ती नेमक्या जागी उभी राहत नाही, आणि चपटी बाजू नसल्याने थोडी फिरूनही बसते. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा छोटा फासा होतो, तो शटलच्या टोकाने उचलायचा असतो. सुई सरकलेली असली की टोक फाशाच्या बाजूने निघून जातं. पातळ कापडात कसंबसं जमतं, जाडात जमत नाही.

त्याने स्वतःच्या पाकिटातली चपट्या बुडाची 16 नंबरची सुई घातली. तोच जीन्सचा तुकडा. एकही टीप सुटली नाही.

ड्रॉवरमध्ये ती पुडी होती, आई. आजी गेल्यावर तू आणलेली, दहातल्या सहा सुया उरलेल्या, सगळ्या गोल बुडाच्या. दुकानदाराने मशीन कोणतं हे न विचारता दिल्या असणार. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा शिवताना टिपा सुटल्या, आणि तू मशीनवर चादर टाकलीस ती कायमची. “त्यांचा हात होता तोवर चाललं, माझ्या हाताने बिघडलं,” असं तू म्हणायचीस. मी कितीदा ऐकलंय. ते तुझ्या हाताने बिघडलं नव्हतं. ते बिघडलंच नव्हतं.

संपूर्ण निर्दोष आहे असंही नाही. जीन्सची शिवण ओलांडताना, जिथे आठ पदर येतात, तिथे नव्या सुईनेही एक टीप सुटली. त्याने शटल बाहेर काढून टोकावरून नख फिरवलं, मलाही फिरवायला लावलं. नख अडकतं. तो पुराचा गंज आहे. बारीक पॉलिश पेपरने घासून बघेन, नाहीतर नवं शटल टाकेन म्हणाला. ब्लाऊजला तेवढी जाडी लागतच नाही.

सुईचं त्याने आधी माझ्याकडून मशीन घेऊन मग घरी जाऊन केलं असतं, तर मला कधीच कळलं नसतं. उलट तो म्हणाला, “ताई, दोष निम्माच निघाला, किंमत वाढवायची असेल तर आत्ताच सांगा.” मी वाढवली नाही. त्यानेही घासाघीस केली नाही. आजीची तेलाची कुपी आणि अकरा बॉबिन मी त्याला तशाच दिल्या. कात्री ठेवली आहे, तुझ्यासाठी. टेम्पोत चढवताना त्याने डोकं स्टँडवरून वेगळं करून गोधडीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसला.

आज सकाळी त्याचा फोन आला होता. टिपेची लांबी बदलायच्या पट्टीवर सुईने ओढलेली एक रेघ आहे, आकड्यांच्या मधोमध. आजीनेच केलेली असणार. ती कशासाठी ठेवायची, झबल्यांसाठी की ब्लाऊजसाठी, असं विचारत होता. तुला आठवतं का? आठवलं तर कळव, मी त्याला सांगते.

तुमची,
लेक