कानात बिल्ला नव्हता, म्हणून माझी गाय मेलीच नाही का?

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा विमा कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण एका ओळीत : मृत जनावराच्या कानात बिल्ला आढळला नाही. साहेब, तो बिल्ला गव्हाणीच्या तारेत अडकून तुटला होता. मी दवाखान्यात जाऊन सांगितलं, तर "बिल्ले शिल्लक नाहीत, नंतर या" म्हणाले.

ही गाय दोन वर्षांपूर्वी लोणीच्या बाजारातून 85 हजारांना घेतली. टेम्पो, दलाली धरून 90 हजार पडले. कर्ज काढलं म्हणून मी वही ठेवते. गाईची किंमत मी कुठल्या महिन्याच्या खर्चात टाकली नाही, ती भांडवलाच्या पानावर आहे. रोजच्या पानावर दूध आणि चारा. 14 लिटर, 30 रुपये दर, 420 रुपये. सरकी ढेप, सुग्रास, मका, कडबा मिळून 310. मका घरचाच, तरी बाजारभावानं लिहिते, विकला असता तर पैसे आलेच असते ना. उरले 110. त्यातच औषध, वीज, हप्ता. गाय आटली की दोन महिने दूध शून्य, चारा मात्र दिवसाला 180. म्हणजे 10,800 रुपये अंगावर. ते फिटायला पुढच्या वेताचे 99 दिवस लागणार होते.

ती व्यायली आणि दुसऱ्याच रात्री बसली. कान गार, मान वळवून कुशीवर टाकलेली. दुग्धज्वर आहे हे मलाही कळलं. शिरेतून कॅल्शियम वेळेत, सावकाश दिलं तर अशी गाय बहुतेक वेळा उठते. पण आमच्या दवाखान्यातली डॉक्टरांची जागा रिकामी. दुसरीकडचे डॉक्टर पोहोचले तेव्हा उजाडलं होतं, ती गेलेली होती.

आयकर कायदा 1961 चा. त्याच्या कलम 36 मध्ये धंद्यातलं जनावर मेलं तर खरेदी किमतीतून मृत देहाचे आलेले पैसे वजा करून उरलेला तोटा मान्य केलेला होता. मला एक रुपया आला नाही, उलट खड्ड्याला जेसीबीचे 1,500 गेले. म्हणजे माझा तोटा अख्खे 90 हजार. 2022 च्या लम्पीत दुभत्या गाईला सरकारनं 30 हजार दिले होते. दुग्धज्वरानं मेली तर तेवढेही नाहीत! आणि 2024 मध्ये लिटरमागे 5 रुपये अनुदान देताना त्याच बिल्ल्याचा नंबर मागितलात. दूध मोजायला नंबर चालतो, मग मरण मोजायला का नाही? नंबर तुमच्या संगणकात आहे, शवविच्छेदनाचा अहवाल आहे, पंचनामा आहे. एवढं असून शेतकऱ्यालाच खोटं का धरता?

बिल्ला तुटल्याची नोंद झाली असेल तर दावा फेटाळू नये, आणि दवाखान्यात डॉक्टर व बिल्ले दोन्ही असावेत, एवढा आदेश काढा.

बँकेचे 52 हजार बाकी आहेत. मागे राहिलेल्या वासरीला शेजारच्यांकडून रोज चार लिटर दूध विकत आणते. तेही वहीत लिहिते आहे.

आपली,
एक दूध उत्पादक, ता. पारोळा, जि. जळगाव