उभा धागा, आडवा धागा

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर आईला मधे राहून बाबांना ओरडून सांगावं लागतं आणि निम्मं बोलणं राहूनच जातं. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कान आणखी काय करणार? म्हणून बाबा, हे तुमच्यासाठी सावकाश लिहितेय. चष्मा लावून वाचा. आई, तुलाही यात सांगायचं आहे, शेवटी आहे.

दुकानात येऊन दीड वर्ष झालं. पहिले सहा महिने मास्तरांनी मला कात्रीला हात लावू दिला नाही. काज-बटण, तुरपाई, इस्त्री आणि संध्याकाळी कात्रण गोळा करणं, एवढंच काम. तेव्हा मला फार लागायचं ते. आता कळतंय की त्या कात्रणांच्या ढिगातच ते मला शिकवत होते. रोज एक तुकडा उचलून माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "उभा कुठला?"

किनार असली तर लहान मूलही सांगेल. किनारीला समांतर तो उभा धागा, म्हणजे तुमचा ताणा. पण कात्रणाला किनार नसते. मग मी तुकडा दोन्ही चिमटीत धरून ओढायचे. एका बाजूला तो जरा सैल पडतो, देतो. ती आडवी बाजू, म्हणजे बाणा. दुसऱ्या बाजूला ताठ राहतो, हलत नाही. तो उभा. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढला तर रबरासारखा लांब होतो, त्याला आम्ही उरेब म्हणतो. गळ्याची गोल पट्टी उरेबच कापायची, नाहीतर ती वळणावर बसत नाही. मास्तर कापडाला झटका देऊन आवाजही ऐकतात. उभ्या बाजूने टणक आवाज येतो, आडव्या बाजूने बोदा.

हे सगळं मला येतं असं वाटायला लागलं आणि नेमकी तेव्हाच चूक झाली.

एका गिऱ्हाइकाची टेरिकॉटची पँट होती. कापड सव्वा मीटर, पन्हा ५८ इंच, आणि माणूस कमरेला भरलेला. मास्तर बाहेर गेले होते. कापड पुरेना, म्हणून डाव्या पायाचे दोन्ही भाग मी जरासे तिरके बसवले. वर किनारीपासून नऊ इंच, खाली साडेसात. चाळीस इंचांत दीड इंचाचा फरक, कोणाला दिसणार? कापलं, शिवलं, इस्त्री करून दिलं. पँट उत्तम दिसत होती.

तीन आठवड्यांनी ते गृहस्थ परत आले. दोन धुण्यांनंतर डाव्या पायाची बाजूची शिवण सरकत सरकत नडगीवर आली होती. उजवा पाय सरळ होता. ते रागावले नाहीत, नुसते उभे राहिले, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पँटची खालची दुमड उसवली, क्रीजपाशी सुईच्या टोकाने एक उभा धागा उचलला आणि हळूहळू ओढायला लागले. धागा जिथून निघतो तिथे कापडावर बारीक चुण्यांची रेघ उमटते. धागा तुटला की तिथूनच पुन्हा पकडायचा. उजव्या पायाची रेघ क्रीजच्या अंगाअंगाने वर गेली. डाव्या पायाची मात्र गुडघ्यापर्यंत पोचता पोचता क्रीज सोडून पाऊण इंच बाजूला गेली होती. त्या रेघेवर मी बोट ठेवून बसले. मग मास्तर म्हणाले, "धागा आपल्या वजनानं सरळ खालीच लोंबणार. तू तिरका लावलास, तर तो सरळ होईपर्यंत अख्खा पाय फिरवणार. नवीन असताना इस्त्री त्याला धरून ठेवते. पाणी लागलं की सोडते."

बाबा, तुम्ही सुताला हट्टी म्हणायचात. मला ते त्या दिवशी समजलं.

ती पँट दुरुस्त होणं शक्यच नव्हतं. एकदा तिरकं कापलेलं कापड उसवून सरळ करायला जागाच उरत नाही. मास्तरांनी त्याच रंगाचं कापड स्वतः आणून दिलं, मी रात्री बसून नवी शिवली.

आता मी आधी हात लावते, मग टेप. कापडाचा हात म्हणतात आमच्याकडे. मुठीत घट्ट धरायचं, दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. सुती कापड चुरगळलेलंच राहतं. टेरिकॉट हळूहळू उघडतं. चांगली लोकर मूठ उघडताच फुलून येते, आणि तिला ऊब असते, पॉलिस्टर सुरुवातीला गार लागतं. मग एका कोपऱ्याला धरून लोंबवायचं. जे कापड अंग धरून खाली येतं त्याला चुण्या शोभतात, जे फळीसारखं उभं राहतं त्याला कॉलर आणि बाह्या नीट बसतात. नवीन सुती कापड हातात भरदार वाटलं तर दोन्ही हातांनी खसाखसा चोळून बघायचं. पांढरी भुकटी पडली तर ते वजन खळीचं आहे, सुताचं नाही. असं कापड आधी रात्रभर पाण्यात, मगच कात्री, नाहीतर झब्बा पहिल्या धुण्यात मनगट सोडून वर जातो.

प्रोसेसमध्ये वाकडं वाळवलेलं कापडही येतं, आडवा धागा एका बाजूला उतरलेला. सुती असेल तर ओलं करून दोघींनी समोरासमोरचे आखूड कोपरे धरून ओढलं की सरळ येतं. पॉलिस्टर असेल तर नाही येत. त्याला गरम करून वाकडंच पक्कं केलेलं असतं, मग ते परत पाठवायचं.

सगळ्यात आनंद झाला तो गेल्या महिन्यात. कोऱ्या कापडाचा एक तुकडा आला, किनार नाही, ओढून दोन्हीकडे सारखाच लागत होता. मी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. अगदी पुसट रेषा दिसल्या, एका दिशेने, सारख्या अंतराने. मी म्हटलं, हा उभा. मास्तरांनी विचारलं कशावरून. मी म्हटलं, या फणीच्या खुणा आहेत, फणीच्या दातांमधून ताणा जातो, तिथे फट राहते. त्यांनी तुकडा माझ्या हातून घेऊन बराच वेळ उजेडात बघितला. "कुणी शिकवलं?"

आई, मी तुझं नाव सांगितलं. तू वहिफणीला जायचीस तेव्हा मी शेजारी बसलेली असायचे. एकेक तार आधी वहीतून, मग फणीतून. मला तेव्हा वाटायचं, आईचं हे काम कापडात कुठेच दिसत नाही.

पाकिटात तीन तुकडे घातले आहेत. किनार मुद्दाम कापून टाकली आहे. बाबा, प्रत्येकावर पेन्सिलने उभ्या धाग्याच्या दिशेने बाण काढा आणि परत पाठवा. तिसरा मलाही नक्की कळलेला नाही, मास्तरांना आणि मला त्यावर वेगवेगळं वाटतंय. आईला उजेडात धरून बघू दे आधी.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. दिवाळीला चार दिवस सुट्टी आहे, येतेच.

तुमची,
धाकटी