ताईला पाठवायचा मेसेज

बाळा,

काल रात्री तू तो मेसेज मला वाचायला पाठवलास आणि म्हणालास बाबा बघा ना, आत्याच्या ताईला असं लिहिलं तर चालेल का. फोनवर मी नुसतं थांब म्हटलं, कारण मला नीट विचार करून सांगायचं होतं. सकाळी चहा घेऊन बसलोय आणि लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

आधी हिशोब परत एकदा. नवीन फ्लॅटचं डिपॉझिट 75,000, तुझ्याकडे 30,000 आहेत, मी 10,000 टाकतोय, म्हणजे 35,000 कमी पडतायत. जुन्या घरमालकाकडे तुझे 40,000 अडकलेत, ते तो रूम सोडल्यावर पंधरा दिवसांनी देणार, रंगकामाचे कापून. म्हणजे पैसा आहे, फक्त तुझ्या हातात यायला उशीर आहे. ताईला विचारायचंय ते एवढंच आणि मेसेजमध्ये पण एवढंच दिसलं पाहिजे.

आता तुझा मेसेज. तू लिहिलंस, "हाय ताई, कशी आहेस, एक काम होतं, फोन करू का?" आणि मग फोनवर सांगणार होतास. हे नको करूस. ती ऑफिसमध्ये असेल नाहीतर पोराला क्लासला सोडायला निघाली असेल, तुझा फोन येणार, तू अडचण सांगणार आणि तिला त्याच मिनिटाला हो किंवा नाही म्हणावं लागणार. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं तुला माहितीये, त्यात तू लहान भाऊ. ती हो म्हणून टाकेल आणि फोन ठेवल्यावर भाऊजींना काय सांगायचं याचा विचार करत बसेल. लेखी मेसेज केलास की तिला वेळ मिळतो, घरात बोलता येतं, अकाउंट बघता येतं, आणि चेहरा नीट ठेवून उत्तर देता येतं. म्हणून सगळं एकाच मेसेजमध्ये लिही, नुसतं हाय टाकून वाट बघत बसू नकोस, त्या हायनेच माणसाच्या पोटात गोळा येतो की आता काय मागणार हा.

दुसरं, तू लिहिलंस "थोडी मदत हवी होती". मदत म्हटलं की समोरच्याला कळत नाही परत मिळणार की नाही, आणि विचारता पण येत नाही. सरळ "उसने" म्हण. आपला जुना शब्द आहे आणि त्यातच परत द्यायचं आलं. थोडी पण नको, 35,000 असा आकडा लिही. आकडा नसला की ती मनातल्या मनात पाच हजारापासून लाखापर्यंत कुठेही जाऊन येते. आणि "लवकरच देतो" याला काही अर्थ नाही, तारीख लिही.

तारीख कशी काढायची ते सांगतो. मालक म्हणतोय 15 जूनपर्यंत डिपॉझिट देतो, तर तू ताईला 15 जून सांगू नकोस, 30 जून सांग. आणि पूर्ण 35 त्या डिपॉझिटवर टाकू नकोस, त्याने रंगकामाचे दहा कापले तर तुझ्या हातात तीसच येतील. म्हणून 25,000 तारीख 30 जूनपर्यंत आणि उरलेले 10,000 सात जुलैला तुझा पगार झाला की. असं लिहिलंस तर तिला दिसतं की पोराने बसून हिशोब केलाय.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. तुझ्या मेसेजचा शेवट होता "प्लीज नाही म्हणू नकोस, तूच एक आहेस जिला मी विचारू शकतो, तुम्ही दोघं कमावता म्हणून विचारतोय". तू प्रेमाने लिहिलंयस हे मला कळतं, पण यातलं प्रत्येक वाक्य तिच्यामागचं एकेक दार बंद करतंय. तूच एक आहेस म्हटलं की ती नाही म्हणाली तर तुझं घर गेलं तिच्यामुळे. दोघं कमावता म्हटलं की तू तिच्या घरातला पैसा मोजलास. त्यांच्याकडे घराचा हप्ता आहे, आणि मे-जून म्हणजे शाळेची फी, पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोट सगळं एकदम येतं, आत येतात किती आणि जातात किती ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.

मी हे का एवढं ताणतोय ते सांगतो. तू झालास त्याच्या आधीची गोष्ट आहे, मला विहिरीवरच्या मोटरसाठी 5,000 हवे होते आणि मी माझ्या मामेभावाला विचारलं, ते पण गणपतीत, त्याच्या घरी, आरती झाल्यावर, मामी शेजारी बसलेली असताना. मला वाटलं आपलंच घर आहे, कशाला लपवायचं. मामी लगेच म्हणाली अरे दे की त्याला. तो हसला आणि दिले त्याने दोन दिवसांनी. मी चार महिन्यांत सगळे फेडले, पण तेव्हापासून तो आमच्याकडे यायचा कमी झाला. पुढे खूप वर्षांनी कळलं की त्याच्याकडे नव्हतेच, ज्या दुकानात कामाला होता तिथून उचल घेऊन त्याने मला दिले होते, आणि ती उचल पगारातून कापली जात होती तेव्हा त्याच्या घरात रोज भांडण. त्याला एकट्याला गाठून, नाही म्हणायला जागा ठेवून विचारलं असतं तर त्याने सरळ सांगितलं असतं. पैसे फिटले पण ते अजून माझ्या मनात आहे.

म्हणून शब्द बघ. "देशील का" विचारलंस तर उत्तर येतं देते किंवा देत नाही, आणि देत नाही हे कुठल्या बहिणीच्या तोंडून निघेल? "जमेल का" विचारलंस तर ती म्हणू शकते "नाही रे, आत्ता जमत नाहीये", आणि त्यात तिने तुला नाकारलं असं होत नाही, परिस्थितीने जमलं नाही एवढंच. एका क्रियापदाचा फरक आहे पण सगळं त्यातच आहे. आणि "जमेल ना?" असं चुकूनही लिहू नकोस, त्या ना मध्ये हो गृहीत धरलेलं असतं.

मग तिला स्पष्ट सांग की दुसरी सोय आहे. हे खरं असेल तरच लिहायचं, आणि तुझ्या बाबतीत ते खरं आहे, ऑफिसमधून सॅलरी ॲडव्हान्स मिळतो असं तू मला म्हणालास, जूनचा पगार कापून येईल आणि महिना ओढाताणीत जाईल, पण होईल. म्हणजे तिच्या नाहीने तुझं अडत नाही. आणि अजून एक, उत्तर नाही आलं तर त्याचा अर्थ नाही असा तूच आधी लिहून ठेव, म्हणजे तिला नाही टाईप पण करावं लागणार नाही. बुधवारपर्यंत काही आलं नाही की तू ॲडव्हान्सचा फॉर्म भर आणि परत तो विषय काढू नकोस. निळ्या टिका दिसल्या तरी "ताई मेसेज बघितलास का" विचारू नकोस.

मी माझ्या परीने असं लिहिलंय, तुझ्या भाषेत बदल:

"ताई, एक विचारायचं होतं, सावकाश वाच. 1 जूनला नवीन फ्लॅटमध्ये शिफ्ट होतोय, डिपॉझिटला 35,000 कमी पडतायत कारण जुन्या मालकाकडचे 40,000 जूनच्या मध्यात मिळणार आहेत. तुला 25 तारखेपर्यंत 35,000 उसने द्यायला जमेल का? 25,000 मी 30 जूनपर्यंत आणि 10,000 सात जुलैला पगार झाला की परत करेन, दोन्ही अकाउंटवर. भाऊजींशी बोलून सांग, घाई नाही. नाही जमलं तर अजिबात मनाला लावून घेऊ नकोस, कारण सांगायची पण गरज नाही, ऑफिसमधून ॲडव्हान्सची सोय होतेय. बुधवारपर्यंत तुझं काही आलं नाही तर मी तसंच करतो. आत्याला यातलं काही सांगितलेलं नाही."

भाऊजींशी बोलून सांग हे मुद्दाम घातलंय. लग्न झालेल्या बहिणीकडून गुपचूप पैसे घ्यायचे नसतात, उद्या त्यांच्या घरात तेच निघतं. आणि तिला नाही म्हणायचं असेल तर "घरात बोलले, आत्ता होत नाहीये" एवढं म्हणायला पण जागा मिळते. अकाउंटवर पण मुद्दाम लिहिलंय. 20,000 किंवा त्याच्या वरची उसनवार रोखीत करायला इन्कम टॅक्सचे नियम परवानगी देत नाहीत, देताना पण नाही आणि फेडताना पण नाही, आणि शिवाय अकाउंटवर असलं की दोघांकडे नोंद राहते, कोणाला आठवत बसावं लागत नाही.

हा मेसेज फक्त तिच्या नंबरवर टाक. कझिन्सच्या ग्रुपवर नाही, आणि तिथे "घर बदलतोय, खूप टेन्शन आहे" असं सूचक पण काही नको, मग बाकीचे तिला विचारतील तू का नाही देत. रविवारी आत्याकडे सगळे जेवायला जमणार आहेत, ते होऊन जाऊ दे, सोमवारी संध्याकाळी पाठव, म्हणजे तिला मेसेज वाचून लगेच तुझ्यासमोर ताट घेऊन बसायला लागणार नाही.

ती नाही म्हणाली तर दहा मिनिटांच्या आत उत्तर दे, "काही हरकत नाही ताई, सोय होतेय, तू लगेच सांगितलंस ते बरं झालं." ओके एवढाच रिप्लाय नको, तो रागावल्यासारखा वाटतो. आणि मग आठवड्याभरात दुसऱ्याच कशावरून तरी तिला मेसेज कर, पोराच्या परीक्षेचं विचार, नवीन घराचा फोटो पाठव. नाही म्हटल्यावर माणूस महिनाभर वाट बघत असतो की हा आता बोलेल की नाही. ती म्हणाली 15 जमतील, तर 15 घे, आभार मान आणि उरलेल्या वीसबद्दल एक शब्द बोलू नकोस, तेवढेच ॲडव्हान्स उचल.

आणि दिले तर 30 जूनची वाट तिला बघायला लावू नकोस. मालकाने उशीर केला तर 25 जूनला तूच कळव, नवीन तारीख देऊन. तिने विचारल्यावर सांगणं आणि आपणहून सांगणं यात फार फरक पडतो.

तू काल विचारलंस की मी आत्याशी बोलू का. नाही, मी बोलणार नाही. माझी बहीण आहे, मी नुसतं म्हटलं की पोराला अडचण आहे तर ती तिच्या लेकीला फोन करून "दे त्याला" म्हणेल, आणि मग ताईला नाही म्हणायला काही जागाच उरणार नाही. मामीने केलं तेच होईल. हे तुझ्यात आणि ताईत राहू दे.

आई विचारतेय नवीन फ्लॅटला गॅस पाईपलाईन आहे का सिलेंडर न्यायचा. मेसेज पाठवायच्या आधी एकदा मला दाखव.

बाबा