पॉझिटिव्ह आलेल्या शंभरात पंच्याण्णव आजारी? जरा फळ्याचा फोटो बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तपासणी शिबिरांवर लेख होता, त्यात एक वाक्य होतं की अमुक टेस्ट ९५ टक्के अचूक आहे, म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांना आजार असतोच. मी सांगलीत बारावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेतो, असली वाक्यं वाचून वैताग येतो पण दरवेळी कोण पत्र लिहीत बसणार. यावेळी मात्र ते वाक्य घरातच येऊन बसलं म्हणून लिहितोय.

झालं असं की सोमवारी रात्री भाचीचा व्हॉट्सॅपवर फोटो आला, कॉलेजच्या फळ्यावर सरांनी काढलेली ट्री डायग्रॅम, प्रश्न असा की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर खरंच आजार असण्याची शक्यता किती, आणि खाली मेसेज, 'मामा माझं उत्तर ७० टक्के येतंय, दादा म्हणतो ९५, पेपरातपण तसंच लिहिलंय, कोणाचं बरोबर?' दोघांचंही चूक होतं, पण दोन्ही चुका वेगळ्या जातीच्या आहेत आणि पेपरातली चूक त्यातली जास्त वाईट.

फोटो म्हणाल तर तिरका, शेवटच्या बाकावरून काढलेला, ट्यूबलाइटची चकाकी बरोबर पहिल्या फांदीवर पडलेली आणि उजवी कड कापलेली. डावीकडून दोन फांद्या, 'आजार आहे' आणि 'आजार नाही'. मग प्रत्येकीला दोन-दोन, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. आजार असलेल्याची टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची फांदी ०.९५, निगेटिव्हची ०.०५. आजार नसूनही पॉझिटिव्ह येण्याची ०.१०, आणि तिच्या जोडीची फोटोत कापली गेलेली, ती ०.९० असणार हे न बघताही सांगता येतं, कारण एका गाठीतून निघणाऱ्या फांद्यांची बेरीज १ व्हायलाच पाहिजे.

हाच नियम भाचीने पहिल्या गाठीला लावला असता तर तिची चूक तिलाच सापडली असती. 'आजार आहे' या फांदीवर तिने ०.२ वाचलं आणि खालच्या फांदीवर ०.९८ स्वच्छ दिसत होतं. ०.२ आणि ०.९८ मिळून १ च्या वर जातात, म्हणजे वरचा आकडा ०.०२ आहे, मधलं शून्य ट्यूबलाइटने खाल्लं. फोटोवरून गणित सोडवताना मी मुलांना आधी हेच करायला लावतो, प्रत्येक गाठीची बेरीज, मग पुढचं.

आता खरा हिशोब. टक्के बाजूला ठेवा आणि १००० माणसं घ्या. त्यातली २० आजारी, ९८० धडधाकट. २० आजारींपैकी १९ पॉझिटिव्ह येतील, १ सुटेल. ९८० धडधाकटांपैकी दहा टक्के, म्हणजे ९८, उगाच पॉझिटिव्ह येतील आणि ८८२ निगेटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्हचा कागद हातात घेऊन बसलेली माणसं एकूण ११७, त्यात खरोखर आजारी १९. १९ भागिले ११७, साधारण १६ टक्के. शंभरात १६, पंच्याण्णव नाही!

भाच्याने (आणि आपल्या लेखाने) काय केलं, तर फांदी उलटी वाचली. ०.९५ ही 'आजार असेल तर पॉझिटिव्ह येण्याची' शक्यता आहे, तिला 'पॉझिटिव्ह असेल तर आजार असण्याची' समजून मोकळे झाले. झाडात ती दुसरी फांदी काढलेलीच नसते, ती आपल्याला तयार करावी लागते. मी भाचीला तेच झाड उलटं काढायला लावलं, आधी टेस्ट, मग आजार. चार शेंडे तेच राहतात, १९, १, ९८ आणि ८८२, फक्त त्यांच्या जोड्या बदलतात. आधी १९ आणि १ ची जोडी होती, आता १९ आणि ९८ ची. पहिल्या गाठीला ०.११७ आणि ०.८८३ येतात, मग पॉझिटिव्हच्या फांदीवर १९/११७ आणि ९८/११७. चारही शेंड्यांची बेरीज १००० येते का बघायचं, आली की संपलं. बेझचं सूत्र पाठ करून जे येतं तेच हे, पण सूत्रात छेद कुठून आला ते मुलांना कळत नाही, इथे ११७ माणसं समोर बसलेली दिसतात. आणि निगेटिव्हची बाजू बघा, ८८३ निगेटिव्हमध्ये आजारी फक्त १, म्हणजे टेस्ट अगदीच टाकाऊ नाही, निगेटिव्ह आली तर निवांत झोपावं इतकी ती बरी आहे.

आता गंमत भाचीच्या ७० ची. ०.२ घेऊन तिने केलेलं गणित अगदी बरोबर होतं, १००० त २०० आजारी, त्यातले १९० पॉझिटिव्ह, उरलेल्या ८०० तले ८० उगाच पॉझिटिव्ह, १९० भागिले २७०, सत्तर टक्के. फळ्यासाठी चूक, पण डॉक्टरांच्या ओपीडीत लक्षणं घेऊन आलेल्या लोकांमध्ये पाचात एक खरंच आजारी असेल तर तिथे उत्तर ७० च! टेस्ट तीच, किट तेच, फक्त समोरची माणसं वेगळी. म्हणून शिबिरात रस्त्यावरच्या कोणालाही बोलावून केलेल्या टेस्टचा पॉझिटिव्ह आणि ओपीडीतला पॉझिटिव्ह याचा अर्थ एक नसतो, आणि आपला लेख तर शिबिरांवरच होता.

हे फक्त आपल्या वार्ताहरालाच कळलं नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत डेव्हिड एडी या डॉक्टरांनी मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या एक्स-रे तपासणीबद्दल, असंच गणित इतर डॉक्टरांसमोर ठेवलेलं आणि १९८२ साली ते छापलेलं, कॅन्सरची शक्यता आधी एक टक्का, रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर किती? बहुतेकांनी ७५ टक्क्यांच्या आसपास उत्तर दिलं, खरं उत्तर ७-८ टक्के होतं.

भाचीने पुढे विचारलं की मग टेस्ट परत केली तर? तेही काढलं. त्या ११७ जणांची पुन्हा टेस्ट, आजारींपैकी १८ परत पॉझिटिव्ह, बाकीच्या ९८ मधले साधारण १०, म्हणजे २८ पैकी १८, पासष्टच्या जवळपास. पण हे तेव्हाच, जेव्हा दुसऱ्या वेळची चूक पहिलीशी संबंधित नसेल. एखाद्याच्या रक्तातच असं काही असेल की ती टेस्ट दरवेळी फसते, तर तीच टेस्ट दहा वेळा करूनही तो दहा वेळा पॉझिटिव्ह येणार, म्हणून दुसरी टेस्ट वेगळ्या पद्धतीची करतात.

तर विनंती एवढीच की त्या वाक्याची दुरुस्ती छापा, कोपऱ्यात छापली तरी चालेल. आणि पुढे कुठल्याही टेस्टची बातमी देताना 'इतके टक्के अचूक' असा एकच आकडा न देता तीन आकडे विचारून घ्या, आजारींपैकी किती पकडते, धडधाकटांपैकी किती जणांना उगाच पकडते, आणि ज्यांची टेस्ट केली त्यांच्यात आजार मुळात किती. तिसरा आकडा कोणी देत नाही, आणि भाचीच्या फोटोतही नेमका तोच पुसला गेला होता.

भाच्याला अजून पटलेलं नाही, तो म्हणतो पेपरात छापून आलं तर मानेन.

आपला,
एक क्लासवाला, सांगली