चौकशीला बसण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझ्या ऑफिसमधल्या चौकशीबद्दल बोलताना तू तीनदा म्हणालीस, "आई, मी त्यांना सगळं नीट समजावून सांगेन, मग कळेल त्यांना." तुझा आवाज थरथरत होता, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आज लिहिते आहे. पंधरा वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून अशा चौकश्या केल्या. समोरचा माणूस मनापासून बोलतोय हे कळायचं, पण मनापासून बोलणं अहवालात लिहिता येत नाही. चौकशी अधिकाऱ्याला तपासून बघता येईल असं काहीतरी लागतं. एखादी तारीख, एखादी मेल, त्या वेळी खोलीत असलेल्या माणसाचं नाव. तू ते त्याच्या हातात द्यायचंस.

तुला आलेल्या पत्रात नुसतं "सहकाऱ्याशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीसंदर्भात" एवढंच आहे. एवढ्यावर कोणाचीच तयारी होऊ शकत नाही. तेव्हा आजच मेल कर. फोन नको, मेलच. त्यात साधं लिही: "मी चौकशीला पूर्ण सहकार्य करीन. तयारीसाठी कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. माझ्यावर नेमके कोणते आरोप आहेत, ते कोणत्या तारखेच्या प्रसंगाबद्दल आहेत आणि कोणत्या नियमाखाली येतात? ही बैठक माहिती गोळा करण्यासाठी आहे की शिस्तभंगाच्या कारवाईची सुनावणी आहे? सोबत कोणाला आणता येईल का? बोलण्याची नोंद कोण घेणार, आणि ती मला वाचून दुरुस्त करता येईल का?" यातलं बैठकीच्या स्वरूपाबद्दलचं वाक्य अजिबात गाळू नकोस. पहिल्या प्रकारच्या बैठकीत अजून काहीच ठरलेलं नसतं. दुसऱ्या प्रकारात पुरावे गोळा झालेले असतात, आणि ते आधी बघायला मिळावेत अशी मागणी तू करू शकतेस. असं विचारलं तर उद्धट वाटेल अशी भीती तुला वाटेल. मला तरी असे प्रश्न विचारणाऱ्यांचा कधी राग आला नाही. उलट काम सोपं व्हायचं. कंपनीची नियमावली उघडून चौकशीचं प्रकरणही वाच, कारण सोबत कोण चालतं, मुदत किती, अपील कुठे करायचं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

आता तुझी गोष्ट. तुझ्या बोलण्यावरून मला दोन आरोप दिसतात: 12 तारखेच्या बैठकीत तू तक्रार करणाऱ्या त्या मुलाला चार जणांसमोर टाकून बोललीस, आणि त्या रागातून त्याच्याकडचं काम काढून घेतलंस. तू दोन्हींचं एकच गाठोडं करून "असं काही झालंच नाही" म्हणतेस. तिथेच तू अडकशील. एक कोरा कागद घे, तीन रकाने कर. पहिल्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात ते कशावरून कळतं. तू स्वतः पाहिलं-ऐकलंस ते एका शाईने लिही, तुझा अंदाज दुसऱ्या शाईने. काम बदलल्याची मेल कधीची आहे ते शोध, असं मी काल सांगितलं, आणि तूच शोधून म्हणालीस की ती 9 तारखेची आहे. म्हणजे बैठकीच्या तीन दिवस आधीची. दुसऱ्या आरोपाला तुझं निम्मं उत्तर या एका तारखेत आहे. निम्मंच म्हणते, कारण ते विचारतील की 9 तारखेलाच का बदललंस. त्याचं कारण त्या वेळच्या कामाच्या नोंदींत असेल तर त्या कुठल्या फाइलमध्ये आहेत ते लिहून ठेव.

ऑफिसची कागदपत्रं मात्र स्वतःच्या खाजगी मेलवर पाठवू नकोस. मूळ तक्रारीतून सुटलेली माणसं कधीकधी यात सापडतात. मेलचा विषय, तारीख आणि वेळ तेवढी टिपून घे आणि "ही जपून ठेवावी व तपासावी" असं अधिकाऱ्यालाच लेखी कळव.

आणि तो मेसेज. 12 तारखेला संध्याकाळी मैत्रिणीला पाठवलेला, "आज चांगलंच सुनावलं त्याला." तू विचारलंस, पुसून टाकू का? नाही, मनू. माझ्यासमोर चौकशीला आलेल्या एका माणसाने असाच मेसेज पुसला होता. तो दुसऱ्याच्या फोनमध्ये होताच, आणि माझ्याकडे आधीच आला होता. मेसेज तसा किरकोळ होता, पण पुसल्यामुळे त्याच्या बाकीच्या चार खऱ्या उत्तरांवरही माझा विश्वास राहिला नाही. तुझा मेसेज तूच समोर ठेव. "मी आवाज चढवला. 'तुला हे इतक्यांदा सांगावं लागतं' असं म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. 'तुला काही येत नाही' हे वाक्य मात्र मी बोलले नाही. खोलीत आणखी चौघं होते, त्यांना विचारावं." जेवढं झालं तेवढं कबूल आणि जे झालं नाही ते ठामपणे नाकारलेलं, अशा उत्तराला वजन येतं. अशा चौकशीत बहुतेक ठिकाणी शंभर टक्के सिद्ध व्हावं लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवते एवढंच बघतात. म्हणून तुझ्या शब्दावर विश्वास बसणं फार मोलाचं आहे.

बोलताना प्रश्न पूर्ण ऐक, तेवढंच उत्तर दे आणि थांब. तू उत्तर दिल्यावर अधिकारी काही क्षण लिहीत राहील. ती शांतता तुला सहन होणार नाही, आणि ती भरून काढायला तू त्या मुलाचा आळशीपणा सांगायला लागशील. तू तशीच आहेस, लहानपणापासून. तिथे पाणी पी. त्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको. त्याने तक्रार का केली असेल असं विचारलं, तरी "त्याच्या मनातलं मला माहीत नाही" एवढंच. "तुम्ही चिडून त्याचं काम काढलंत का?" अशा प्रश्नात दोन प्रश्न असतात, ते वेगळे करून उत्तर दे. "आठवत नाही" आणि "झालं नाही" यांत फरक आहे. एकाच्या जागी दुसरं वापरू नकोस. रडू आलं तर पाच मिनिटं माग, देतात. उत्तर चुकलं असं लक्षात आलं तर तिथल्या तिथे "मघाचं दुरुस्त करते" म्हण.

बाहेर पडलीस की त्याच दिवशी काय विचारलं, काय सांगितलं ते लिहून काढ. नोंदीचा मसुदा आला की ओळ न् ओळ वाच. चूक असेल तर सही करण्याआधी लेखी दुरुस्ती दे. तोवर त्या मुलाला, किंवा त्या चौघांपैकी कोणालाही या विषयावर भेटू नकोस, मेसेजही नको. माफी मागायची इच्छा असली तरी आत्ता नको. साक्षीदारावर दबाव असा त्याचा अर्थ निघतो. आणि पत्रात कुठे पोलिसांचा किंवा फौजदारी गुन्ह्याचा उल्लेख दिसला, तर माझं हे सगळं बाजूला ठेव आणि आधी वकिलाला गाठ.

तीन रकान्यांचा कागद झाला की फोन कर. फोटो पाठवू नकोस, वाचून दाखव. ज्या ओळीचा तिसरा रकाना रिकामा असेल तिथे मी तुला थांबवीन.

तुझी,
आई